एकाला जास्त जवळीक लागते, एकाला कमी: भांडण नेमकं कशाचं असतं?

"लग्नाला सात वर्षं झाली. डोंबिवलीत वन बीएचके, आई आमच्याकडेच, मुलगी चार वर्षांची. माझं काम बहुतेक घरूनच चालतं, बायको मरोळला ऑफिसला जाते. मला रोज तिच्याजवळ बसावं, हात धरावा, रात्री कुशीत घ्यावं असं वाटतं. ती अंग चोरते. म्हणते, सारखं काय चिकटायचं? रविवारीही तिला एकटीला पडून राहायचं असतं. प्रेम नाही असं ती म्हणत नाही, बाकी सगळं मनापासून करते. मी जास्त मागतोय की ती कमी देतेय?"

तुमच्या शेवटच्या वाक्यात दोनच पर्याय आहेत आणि दोन्हींत कुणीतरी एक जण चुकीचा ठरतो. तो हिशोब आधी बाजूला ठेवू या. दिवसातून किती वेळा मिठी मारावी, आठवड्यात किती तास एकमेकांसोबत घालवावेत, याचं बरोबर माप कुठेही ठरलेलं नाही. रोज हात हातात घेतल्याशिवाय झोप न येणारी माणसं मी पाहिली आहेत आणि आठवडाभर शेजारी शांत बसूनही तृप्त असणारी माणसंही पाहिली आहेत. दोन्ही प्रकारची माणसं धडधाकट असतात, मनापासून प्रेम करतात. नेमकी अशी दोन माणसं एकमेकांशी लग्न करतात तेव्हा अडचण सुरू होते, आणि असं फार वेळा होतं.

मी मुंबई-ठाण्यात जोडप्यांचं समुपदेशन करते. या तक्रारीत मी सर्वांत आधी एक गोष्ट तपासते: आज दिसतोय तो फरक मुळातला किती, आणि मागण्या-टाळण्याच्या सवयीने फुगलेला किती? माझ्या अनुभवात फुगलेला भाग बराच मोठा निघतो, आणि कमी करता येतो तो हाच भाग.

हा फरक फुगतो कसा ते सांगते. तुम्हाला जवळीक हवी असते, म्हणून तुम्ही पुढे होता. ती दमलेली असते, म्हणून मागे सरते. ती मागे सरली की तुम्हाला धाकधूक वाटते, मग तुम्ही पुन्हा विचारता, या वेळी जरा जास्त आग्रहाने किंवा जरा रुसून. आता तिच्यासमोर तुमची मिठी उरत नाही, तुमचा रुसवा उभा राहतो. ती आणखी लांब जाते. असं वर्षभर चाललं की दोघंही आपापल्या मूळ जागेपासून बरेच सरकलेले असतात. ज्याला दिवसातून दोनदा पुरलं असतं तो दहादा मागू लागतो, कारण नऊ वेळा नकार येणार हे त्याने गृहीत धरलेलं असतं. जिला स्वतःहून आठवड्यातून चारदा जवळ यावंसं वाटलं असतं तिला एकदाही वाटत नाही, कारण तशी इच्छा जागी व्हायच्या आतच मागणी येऊन पडते. भूक लागायच्या आत कुणी रोज ताट पुढे करत राहिलं तर आपल्याला भूक लागते की नाही हेच माणसाला कळेनासं होतं, तसं हे आहे.

अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ अँड्र्यू ख्रिस्टेन्सन यांनी या चक्राचा बरीच वर्षं अभ्यास केला. एक जण पाठपुरावा करतो, दुसरा माघार घेतो. कोण कोणत्या बाजूला उभा राहील हे बऱ्याच अंशी त्या विषयात बदल कुणाला हवा आहे यावर ठरतं. जवळिकीच्या विषयात पाठपुरावा तुम्ही करत असाल. पण उद्या घरकामाच्या वाटणीचा किंवा आईच्या औषधपाण्याचा विषय काढून बघा, कदाचित ती पाठपुरावा करत असेल आणि तुम्ही मोबाइलमध्ये डोकं घालत असाल. म्हणून "तू चिकट", "तू कोरडी" असे स्वभावाचे शिक्के मी पहिल्या भेटीतच बंद करायला सांगते. त्या जागा आहेत, आणि त्या बदलतात.

पुढे जाण्याआधी काही गोष्टी तुम्हीच तपासून घ्या, कारण बाकीचं सगळं त्यावर अवलंबून आहे. ती पहिल्यापासूनच स्पर्शाबाबत हातचं राखून होती, की आधी नव्हती आणि मग झाली? पहिल्यापासून असेल तर तो तिच्या जडणघडणीचा भाग आहे. पुष्कळ मराठी घरांत पाच-सहा वर्षांच्या मुलाला जवळ घेणं हळूहळू बंदच होतं. नमस्कार करायला वाकलो की पाठीवरून हात फिरतो, एवढाच मोठेपणीचा स्पर्श. अशा घरातून आलेल्या माणसाला नवऱ्याने येता-जाता खांद्यावर हात ठेवणं पटकन अंगवळणी पडत नाही. पण बदल नंतरचा असेल, बाळंतपणानंतरचा किंवा गेल्या काही महिन्यांतला, तर आधी डॉक्टरांकडे जा. थायरॉइड, हिमोग्लोबिन कमी असणं, संबंधाच्या वेळी होणारं दुखणं, नैराश्य, नैराश्यावरच्या काही गोळ्या, यांतल्या कशानेही जवळिकीची इच्छा कमी होऊ शकते आणि त्यावर उपाय असतो. लहानपणी किंवा पुढे कधी तिच्यावर नको असलेल्या स्पर्शाची वेळ आली असेल, तर मी खाली सांगतेय ते घरच्या घरी करू नका, जाणकाराच्या मदतीने करा. आणि घरात मारहाण, धाकदपटशा असेल तर हा विषय गरजांच्या फरकाचा नाहीच. तिथे आधी सुरक्षितता बघायची. तुमच्या पत्रात तसं काही दिसत नाही, पण वाचणारे इतरही आहेत म्हणून लिहिते.

आता तुमच्या घराकडे येते. तुमच्या पत्रातली मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली गोष्ट तुम्ही जाता जाता लिहिली आहे: तुम्ही घरून काम करता, ती मरोळला जाते.

तिचा दिवस अंगाच्या बाजूने बघा. सकाळी डोंबिवलीला लेडीज डब्यात शिरताना मागून रेटा, आत चारी बाजूंनी माणसं, कुणाची पर्स बरगडीत, कुणाचे ओले केस मानेवर. घाटकोपरला उतरून मेट्रोच्या पुलावर पुन्हा तीच गर्दी. संध्याकाळी हेच उलट दिशेने. दार उघडल्या उघडल्या मुलगी पायाला मिठी मारते, मांडीवर चढते, झोपेपर्यंत सोडत नाही. रात्री साडेनऊला तुम्ही शेजारी येऊन हात धरता तेव्हा तुमच्या बाजूने तो दिवसातला पहिला स्पर्श असतो आणि तिच्या बाजूने कितवा तरी असतो. तुमच्या अंगाला दिवसभर माणूस लागलेलं नाही. तिच्या अंगाला माणसांवाचून जागाच मिळालेली नाही. तुमची ओढ खरी आहे आणि तिचं अंग चोरणंही खरं आहे. दोन्ही एकाच दिवसातून तयार झालेलं आहे.

त्वचेचं काम कसं चालतं हे थोडं माहीत असेल तर इथे मदत होते. आपल्या दंडांवर, पाठीवर, हाताच्या वरच्या बाजूला म्हणजे जिथे लव असते त्या त्वचेत, सावकाश फिरणाऱ्या स्पर्शाला प्रतिसाद देणारे खास मज्जातंतू असतात. त्यांना सी-टॅक्टाइल तंतू म्हणतात. सेकंदाला साधारण १ ते १० सेंटीमीटर एवढ्या गतीने हात फिरला की ते सर्वांत जास्त जागे होतात, आणि माणसांना सुखद वाटणारी गतीही साधारण तीच असते. म्हणजे खांद्यापासून कोपरापर्यंत हात न्यायला सात-आठ सेकंद लागतील इतकं सावकाश. मागून येऊन अचानक कवेत घेणं, गालगुच्चा, पाठीवर थाप, कमरेला चिमटा, याने वेगळी जाणीव होते आणि दमलेल्या माणसाला ती दचकवणारी असते. अर्थात सावकाश स्पर्शही नको असताना नकोच वाटतो. त्वचा काय सांगते याचा अर्थ शेवटी मन लावतं, आणि आत्ता तिच्या मनात तुमच्या स्पर्शाचा एक ठरावीक अर्थ होऊन बसलेला आहे.

तो अर्थ कोणता याबद्दल सरळ बोलते. वन बीएचकेमध्ये सासूबाई हॉलमध्ये, मुलगी मध्ये झोपलेली. शरीरसंबंधासाठी जी काही संधी मिळेल ती रात्री, दबक्या आवाजात, घाईत. अशा घरात रात्रीच्या वेळचा प्रत्येक स्पर्श प्रश्न होऊन बसतो: आज का? तुम्ही नुसता हात धरला असेल, पण तिला वाटतं की आत्ता हात दिला तर पुढचंही कबूल केल्यासारखं होईल, आणि पुढचं आज अंगात नाही. म्हणून ती हातच काढून घेते. नकार पुढच्या गोष्टीला असतो, पण तुम्हाला तो हाताला मिळतो. मग साधी जवळीकही बंद पडते. माझ्याकडे येणाऱ्या बायका एकांतात बहुतेक हेच सांगतात. कुशीत झोपायला त्यांना आवडतं, पण तिथून मध्येच परत कसं फिरायचं हे कळत नाही. आणि ज्या घरांत नवऱ्याची इच्छा कमी असते तिथे नवरेही अगदी हेच सांगतात.

यावर एक जुना आणि टिकलेला उपाय आहे. विल्यम मास्टर्स आणि व्हर्जिनिया जॉन्सन या अमेरिकेतल्या संशोधकांनी १९७० मध्ये तो मांडला. मूळ उपाय लैंगिक अडचणींसाठी होता, पण त्याचा पाया तुमच्या प्रश्नालाही लागू पडतो. ठरावीक काळापुरता शरीरसंबंध दोघांच्या संमतीने बंद ठेवायचा, म्हणजे स्पर्शावरचं "पुढे काय" हे ओझं निघून जातं. मी साधारण तीन आठवड्यांनी सुरुवात करायला सांगते. या काळात ठरलेला स्पर्श ठरलेल्या वेळेपुरता होतो आणि तिथेच संपतो. दोघांचीही इच्छा झाली तरी संपतो, कारण तो खरंच संपतो हे अंगाला पटायला वेळ लागतो. तुम्ही आधीच इतके उपाशी आहात, त्यात ही बंदी, असं वाटेल. पण या बंदीत तुमच्या हातचं फारसं जात नाही. आत्ता जे मिळतंय ते ओढाताणीतून मिळतंय.

तुमच्या घरात हे असं करता येईल. ती घरी आल्यावर पहिला पाऊण तास तिला कुणी हात लावायचा नाही, तिने स्वतः लावला तर गोष्ट वेगळी. त्या वेळात मुलीला तुम्ही सांभाळा. तिचा बाबा दिवसभर घरातच असतो, त्यामुळे आई आल्यावर ती आईलाच चिकटणार. म्हणून तिला घेऊन खाली सोसायटीत चक्कर मारा. दार बंद करून दहा मिनिटं एकटं बसणं, अंघोळ, चहा, यांतलं काय करायचं ते तुमच्या बायकोने ठरवायचं. मग जेवणं झाल्यावर, मुलगी झोपली की, पंधरा मिनिटं. त्यात काय करायचं हेही तिनेच सांगायचं: नुसतं खांद्याला खांदा लावून बसायचं, तुम्ही तिच्या पायांना तेल लावायचं, की तिने तुमच्या केसांतून हात फिरवायचा. कमी गरज असलेल्या माणसाच्या हातात सुरुवात आणि शेवट दिला की बहुतेक वेळा त्याची इच्छा वाढते. पंधरा मिनिटं झाली की तुम्ही स्वतः उठायचं. हे सर्वांत अवघड आणि सर्वांत उपयोगी. तिने न सांगता तुम्ही थांबलात, असं पाच-सहा वेळा झालं की तिचं अंग सैल पडायला लागतं. ते तुम्हाला हाताखाली जाणवेल: दंड आधीसारखा ताठ राहत नाही, श्वास लांब होतो, बोलता बोलता तीच टेकते.

आठवड्यात हे तीनदा झालं तरी पुरे. रोजचा नेम करू नका, महिन्याअखेरीला ऑफिसात काम वाढलं की तो मोडतो आणि मोडला की पुन्हा कोण चुकलं यावर गाडी येते.

हाच प्रकार वेळेच्या बाबतीत कसा दिसतो ते एका जोडप्यावरून सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. मुलुंडचं घर, ती घरी ब्लाउज शिवायची, तो फोर्टमध्ये एका कार्यालयात तक्रारींच्या खिडकीवर बसायचा. इथे जास्त हवं होतं तिला आणि कमी पुरत होतं त्याला. तो पावणेआठला घरी यायचा, ती चहा ठेवता ठेवता बोलायला सुरुवात करायची, तो मोबाइल बघत हं-हं करायचा, तिचा आवाज चढायचा आणि तो "कोपऱ्यावर जाऊन येतो" म्हणून चपला घालायचा.

मी दोघांना वेगवेगळ्या वहीत आठवडाभर रोज चार ओळी लिहायला सांगितल्या: काय झालं, मला काय हवं होतं, मी त्याचा काय अर्थ लावला. एकमेकांची वही बघायची नाही. मंगळवारचं तिचं लिहिलेलं असं होतं: आठ वाजता गिऱ्हाइकाने बाही उसवून आणली त्याचं सांगत होते, त्याने वर पाहिलं नाही, माझं बोलणं त्याला कटकट वाटते. त्याच वेळेचं त्याचं: ती बोलत होती, दिवसभर लोकांचं ऐकून कान भरले होते, राग नव्हता, पण उत्तर दिलं तर अजून बोलणं वाढेल म्हणून गप्प बसलो. त्याच्या वहीत त्याच रात्री आणखी एक ओळ होती: साडेनऊला ती भांडी घासत होती, शेजारी उभा राहून पुसत होतो, बरं वाटलं. तिच्या वहीत साडेनऊची नोंदच नव्हती. ज्याला तो सोबत म्हणत होता ते तिच्या मोजणीत येतच नव्हतं. त्याने समोर बसून, मोबाइल बाजूला ठेवून प्रश्न विचारले तरच तिच्या लेखी तो वेळ होता. दोघंही प्रामाणिकपणे वेगवेगळं मोजत होती. त्यामुळे "मी तुला वेळ देतो" आणि "तू मला वेळ देत नाहीस" ही दोन्ही वाक्यं एकाच घरात खरी होती.

त्यांनी ठरवलं ते असं. घरी आल्यावर साडेआठपर्यंत बोलणं नाही, चहासुद्धा तो एकटा गॅलरीत घेणार. साडेआठ ते पावणेनऊ मोबाइल फ्रिजवर ठेवून दोघं गॅलरीत, आणि त्यात पहिला प्रश्न त्याने विचारायचा. पहिला आठवडा फसला. तो घड्याळाकडे बघत बसायचा आणि ती उठताना विचारायची, "आज मन होतं का तुझं?" रोज संध्याकाळी परीक्षेला बसून निकाल ऐकायचा, असं त्याला झालं. मग आम्ही एक नियम घातला: झालेल्या वेळेबद्दल त्या दिवशी काही बोलायचं नाही, जे म्हणायचं ते रविवारी सकाळी. हा नियम लागल्यावर गोष्टी बदलल्या. तिला रोज उत्तर मागायची सवय सोडावी लागली, ते तिला जड गेलं, तिने ते केलं. तिसऱ्या आठवड्यापासून तो कधी कधी पावणेनऊनंतरही बसून राहायला लागला.

तरीही फरक उरला. तिला रोज हवं होतं, त्याला आठवड्यातून चार दिवस झेपत होतं. ते लपवलं नाही. ज्या दिवशी तो बसणार नाही तो दिवस त्याने सकाळीच सांगायचा असं ठरलं, आणि गुरुवारी संध्याकाळी ती भांडुपला बहिणीकडे जायला लागली. तिच्या बोलण्याच्या सगळ्या गरजेला नवरा पुरा पडत नाही, हे कबूल करताना ती माझ्यासमोर रडली. ते रडणं मी थांबवलं नाही. आपल्याला हवं तेवढं या माणसाकडून मिळणार नाही याचं दुःख खरं असतं. "त्यात काय एवढं" म्हणून ते दाबलं की पुन्हा आरोप होऊन बाहेर येतं. ख्रिस्टेन्सन आणि त्यांचे सहकारी मानसशास्त्रज्ञ नील जेकबसन यांनी जोडप्यांसाठी जी उपचारपद्धती तयार केली तिचा निम्मा भर याच स्वीकारावर आहे: काही बदल मागायचा, आणि जो फरक बदलत नाही त्याकडे दोघांनी एका बाजूला बसून बघायचं.

नकार आणि मागणी कोणत्या शब्दांत येते यावर बरंच काही अवलंबून असतं, म्हणून तेवढं नीट सांगते. तुम्ही मागताना "तुला माझ्याजवळ यायचंच नसतं" म्हणालात तर त्यात मागणी कुठेच नाही, फक्त आरोप आहे, आणि आरोपाला कुणी मिठी मारत नाही. त्याऐवजी "मला पाच मिनिटं तुला टेकून बसायचंय, मग मी भाजी निवडायला घेतो" असं म्हणा. यात काय हवं, किती वेळ हवं आणि नंतर काय, हे तिन्ही आहे. तिने नाही म्हणायचं असेल तर नुसतं "सोड ना" म्हणण्यापेक्षा "आत्ता नको, मुलगी झोपल्यावर बसू" असं म्हणावं आणि मग ते पाळण्याची जबाबदारी तिची. तिने स्वतःहून आठवणीने येऊन बसणं हे तुमच्यासारख्या माणसाला दहा मिठ्यांपेक्षा जास्त पुरतं, कारण तुमची खरी टोचणी "मी आठवतो का" ही असते. आणि आज खरंच जमणार नसेल तर "आज नाही" हे पूर्ण उत्तर समजायचं. त्यानंतर तुमचं तोंड उतरलं तर उतरू दे, भावना लपवायची नाही, पण पलंगाची कड धरून पाठ फिरवणं, दुसऱ्या दिवशी डब्याबद्दल तुटक बोलणं, हे टाळायचं. ज्या नकाराची अशी किंमत मोजावी लागते तो नकार माणूस आधीच टाळायला बघतो, म्हणजे संध्याकाळपासूनच लांब राहतो.

बोलता बोलता आवाज चढले, छाती धडधडायला लागली तर तिथेच थांबा. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांनी जोडप्यांचे नाडीचे ठोके मोजून दाखवलं की ठोके मिनिटाला शंभरच्या वर गेले की समोरच्याचं ऐकून घेणं जवळजवळ बंद पडतं आणि शरीर शांत व्हायला निदान वीस मिनिटं लागतात. त्या वीस मिनिटांत मनातल्या मनात भांडण चालू ठेवू नका, चक्क कपडे घडी करा किंवा खाली जाऊन दूध आणा. पण जाताना "अर्ध्या तासाने येतो, मग बोलू" एवढं सांगून जा. न सांगता निघून गेलं की मागे राहिलेल्या माणसाला ते टाकून जाणं वाटतं.

जागेच्या अडचणीबद्दलही बोलायला हवं. मरीन ड्राइव्हच्या कट्ट्यावर आणि वांद्र्याच्या बॅंडस्टँडला समुद्राकडे तोंड करून बसलेल्या जोड्यांत लग्न झालेलेही पुष्कळ असतात, कारण घरी दार लावून बसायला जागा नसते. डोंबिवलीहून तिथवर रोज कोण जाणार? पण आठवड्यातून एकदा, मुलगी आजीजवळ ठेवून, गणेश मंदिरापर्यंत आणि फडके रोडने परत एवढी चक्कर तुम्हाला जमेल. आईला कारण सांगत बसू नका, "आम्ही दोघं जरा फिरून येतो" पुरे आहे. पहिल्यांदा अवघडल्यासारखं होतं, दोन-तीन आठवड्यांत घरातल्या सगळ्यांना सवय होते. तिच्या रविवारच्या एकट्याने पडून राहण्याला मात्र हात लावू नका. शक्य असेल तर ते उलट पक्कं करा: रविवारी दुपारी दोन तास तिचे, मुलगी तुमच्याकडे. आपला एकांत सुरक्षित आहे हे कळलेलं माणूस सोबतीला लवकर तयार होतं. एकांत चोरून मिळवावा लागला की ते प्रत्येक सोबतीतून सुटका शोधत राहतं.

तुमच्या बाजूचंही एक काम आहे, आणि ते तिच्यावर अवलंबून नाही. घरून काम करताना तुमचा दिवस माणसांवाचून जातो. स्क्रीनवरच्या मीटिंगा मी त्यात धरत नाही. दिवसभराची सगळी माणसांची भूक तुम्ही रात्री साडेनऊला एका दमलेल्या माणसापुढे ठेवता. दुपारी मुलीला शाळेतून आणताना थांबून दोन पालकांशी बोलणं, आठवड्यातून एक संध्याकाळ मित्रांसोबत, शक्य असेल तर एखाद्या दिवशी ऑफिसला जाणं, याने बायकोच्या स्पर्शाची जागा भरणार नाही, भरायचीही नाही. पण मागण्यामागची निकड उतरते, आणि निकड उतरलेला हात तिला लगेच ओळखू येतो.

किती दिवसांत कळेल? साधारण सहा आठवडे द्या. ती कधीतरी न मागता, दोन सेकंदांसाठी का होईना, तुम्हाला हात लावते का, हे बघा. "आज नाही" म्हटल्यानंतर घरातलं वातावरण दुसऱ्या दिवशीही तंग राहतं की तासाभरात निवळतं, हेही बघा. हे दोन्ही बदलत असेल तर मिठ्यांची संख्या वाढली नसली तरी दिशा बरोबर आहे. पण ती ठरलेल्या वेळी येते आणि दात-ओठ आवळून बसते, संपल्यावर हुश्श करते, असं दिसलं तर लगेच थांबा. सहन केलेल्या स्पर्शाने पुढचा स्पर्श आणखी अवघड होतो. अशा वेळी, किंवा दोघांपैकी कुणाचंही मन सतत उदास राहत असेल तर, समुपदेशकाकडे जा. सरकारची टेलि-मानस ही हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर आहे आणि तिथे मराठीतही बोलता येतं.

सुरुवात करताना हे उत्तर तिला वाचून दाखवू नका. "बघ, बाईंनीपण सांगितलंय" असं त्याचं पुराव्यात रूपांतर होईल. शनिवारी दुपारी, ती थोडी विसावलेली असताना, फक्त एक गोष्ट विचारा: संध्याकाळी दार उघडून आत येतेस तेव्हा तुझ्या अंगाला कसं वाटत असतं? ती सांगेल ते मध्ये न बोलता ऐका, आणि त्यावर त्या दिवशी स्वतःची बाजू मांडू नका. तुमची बाजू मांडायला दुसरा दिवस ठरवून घ्या, कारण तीही तितकीच ऐकली जायला हवी. पहिल्या पाऊण तासाची व्यवस्था मात्र सोमवारपासून सुरू करा, त्यासाठी तिच्या होकाराची वाट बघायची गरज नाही. तीन आठवड्यांनी काय दिसलं ते इथे लिहा. आणि ती बाळंतपणाआधीही अशीच होती का, हे नक्की कळवा. पुढचं बरंचसं त्यावरून ठरेल.